‘शिवाय जमा’ : दोन परिच्छेदांच्या मधल्या जागेचा इतिहास

आजचा विषय थोडा चमत्कारिक वाटेल. आपण एका शब्दाचा इतिहास बघणार आहोत, आणि त्या शब्दाच्या आडोशाने निबंधातला एक परिच्छेद दुसऱ्याला कसा जोडला जातो याचा. शब्द आहे ‘शिवाय’. त्याची भावंडं तुम्हाला माहीत आहेतच : तसेच, त्याचप्रमाणे, त्याचबरोबर, आणखी असे की, इतकेच नव्हे तर. इंग्रजीत निबंध लिहिणारी मुलं हेच काम ‘मोअरओव्हर’ आणि ‘फर्दरमोअर’ यांच्याकडून करून घेतात. अध्यापनाच्या काळात मी जे निबंध तपासले त्यांत दर तिसरा परिच्छेद या कुटुंबातल्या कुणाचं तरी बोट धरूनच आत यायचा.

‘शिवाय’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ ‘वगळून’, ‘सोडून’. म्हणून आपण ‘मिठाशिवाय’ म्हणतो तेव्हा मीठ नसतं, आणि ‘शिवाय मीठही घातलं’ म्हणतो तेव्हा मीठ असतं. एकच शब्द, दोन उलट अर्थ! पण ते खरं तर उलट नाहीत. दोन्हीकडे कल्पना एकच आहे, ‘या हिशेबाच्या बाहेरचं’. आणि ‘हिशेब’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. जुन्या महसुली कागदांत ‘शिवाय जमा’ असं एक सदर असे. ठरलेल्या साऱ्याच्या बाहेरचं, किरकोळ, कुठल्याच नेमक्या बाबीत न बसणारं उत्पन्न तिथे मांडलं जाई. कारकुनाला ते पैसे कुठे घालावेत हा प्रश्न पडला की शिवाय जमेत. निबंधातला ‘शिवाय’ पुष्कळदा हेच काम करतो. मुद्दा हाताशी आहे, तो कुठे बसतो ते ठरलेलं नाही, मग टाका शिवाय जमेत.

आता प्रश्न असा, की हे शब्द आले कशाला? पूर्वी त्यांना काही खरं काम होतं का? होतं. अठराव्या शतकातलं एखादं मोडी पत्र डोळ्यांसमोर आणा. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, परिच्छेद तर नाहीच. मग वाचणाऱ्याला कसं कळायचं की एक बाब संपली आणि दुसरी सुरू झाली? ते काम शब्द करत. ‘त्यास’ आला की समजायचं, समोरच्याने जे लिहिलं होतं ते सांगून झालं, आता त्यावर आमचं उत्तर. ‘येविशीं’ आला की त्याच बाबीवर आणखी काही. ‘सबब’ आला की कारण सांगून झालं, आता करायचं काय ते. हे शब्द म्हणजे त्या पत्राची विरामचिन्हं होती म्हणा ना. त्यांच्या जागी दुसरा शब्द घातला तर पत्राचा अर्थ बदलला असता, कदाचित एखादी फौज भलत्या वाटेला गेली असती.

एकोणिसाव्या शतकात छपाई आली. मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने मराठीत विरामचिन्हं रुजली, परिच्छेद आला, नवी ओळ थोडी आत सरकवून सुरू करण्याची रीत आली. म्हणजे बघा, ‘त्यास’ आणि ‘येविशीं’ जे सांगत होते त्यातला अर्धा भाग आता कागदावरची कोरी जागाच सांगू लागली. बाब बदलली, हे डोळ्यांना दिसतं. राहिलेला अर्धा भाग, म्हणजे ही नवी बाब आधीच्या बाबीची कोण लागते, तो मात्र कोऱ्या जागेला सांगता येत नाही. तो लेखकानेच सांगायचा. आणि नेमका तिथेच आळस शिरला.

इंग्रजीत परिच्छेदाचे नियम बांधायचा पहिला पद्धतशीर प्रयत्न कुणी केला, तर एका तत्त्वज्ञाने. अलेक्झांडर बेन, अ‍ॅबर्डीनला तर्कशास्त्राचे प्राध्यापक, मिलचे स्नेही. त्यांचं रचनाशास्त्रावरचं पुस्तक १८६६ सालचं. त्यात परिच्छेदाचा पहिला नियम असा, की प्रत्येक वाक्याचा आधीच्या मजकुराशी काय संबंध आहे तो वाचकाला निःसंदिग्ध कळला पाहिजे. हे कशाने साधायचं, त्यात त्यांनी उभयान्वयी शब्दांची वर्गवार यादी दिली. नुसती भर घालणाऱ्यांच्या वर्गात ‘मोअरओव्हर’ आहे, ‘फर्दर’ आहे. पण बेननी त्याच ठिकाणी हेही म्हटलंय की संबंध दाखवायला शब्दांची यादी हा एकच मार्ग नाही. आधीचा महत्त्वाचा शब्द पुन्हा आणता येतो, दर्शक सर्वनाम वापरता येतं, आणि पुष्कळ ठिकाणी काहीच लागत नाही. पुढे शाळांतून काय झालं? यादी पाठ झाली, बाकीचं राहून गेलं. यादी फळ्यावर लिहिता येते ना!

आपल्याकडे इंग्रजी वळणाचा निबंध रुजला तो साधारण याच काळात. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासूनची. आगरकरांचं ‘सुधारक’ १८८८ चं. त्याच वर्षी आगरकरांनी ‘वाक्यमीमांसा’ हे वाक्यांच्या पृथक्करणावरचं पुस्तक काढलं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वर्तमानपत्रात समाजाशी भांडणारा माणूस गौण वाक्य आणि मुख्य वाक्य यांचं नातं तपासत बसतो, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. ज्याला ‘जर’ आणि ‘कारण’ यांचा हिशेब चोख ठेवता येतो, त्यालाच रूढीला ‘का?’ म्हणून विचारता येतं. असो. हा ‘असो’ही त्याच काळातल्या निबंधकारांचा लाडका. विषयांतर झालं, आता मूळ पदावर येतो, एवढं सगळं दोन अक्षरांत! तो मला ‘शिवाय’पेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण तो जोड असल्याचं ढोंग करत नाही.

पण या विषयावरचा सगळ्यात बारीक विचार बेनच्या पाचशे वर्षं आधीपासून आपल्याकडे चालू होता, तो निबंध लिहिणाऱ्यांनी वाचला नाही आणि वाचणाऱ्यांनी निबंध लिहिले नाहीत. मी नव्यन्यायाबद्दल बोलतोय. मिथिलेचे गंगेश उपाध्याय, चौदावं शतक, ग्रंथ ‘तत्त्वचिंतामणि’. पहिला खंड प्रत्यक्षाचा, दुसरा अनुमानाचा. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीलाच गंगेश कारण देतात. अनुमान प्रत्यक्षावर उभं असतं, म्हणून ते प्रत्यक्षाच्या नंतर. आणि उपमानापेक्षा ते अधिक वाद्यांना मान्य आहे, म्हणून उपमानाच्या आधी. बस्स. दोन खंडांच्या मधल्या सांध्यावर त्यांनी ‘आता शिवाय अनुमान पाहू’ असं म्हटलं नाही. अलीकडचा शेजारी का आणि पलीकडचा शेजारी का, दोन्हींची वेगवेगळी कारणं दिली.

टीकाकारांनी हा धागा पकडला. सतराव्या शतकात नवद्वीपच्या गदाधरांपर्यंत येता येता ‘संगती’ हा एक स्वतंत्र विचाराचा विषय झाला. संगती म्हणजे काय? त्यांची व्याख्या लांब आणि समासांनी गच्च आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर असं : एक गोष्ट ऐकून झाल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात एक जिज्ञासा उठते, आणि त्या जिज्ञासेमुळेच पुढची गोष्ट सांगणं भाग पडतं. ती जिज्ञासा ज्या नात्याच्या जाणिवेतून उठते, ते नातं म्हणजे संगती. लक्षात येतंय का काय केलंय त्यांनी? जोड शब्दात नाही, लेखकाच्या मनात नाही, ती ऐकणाऱ्याच्या प्रश्नात आहे. प्रश्नच उठला नसेल तर तुम्ही कुठलाही शब्द वापरा, जोड नाही.

अशा संगती त्यांनी सहा मानल्या. सहाही मी इथे उलगडत बसत नाही, चार सांगतो. एक, उपोद्घात : मुख्य गोष्ट सिद्ध व्हायची तर आधी दुसरं काही स्पष्ट करावं लागतं, ते. दोन, हेतुता : एक दुसऱ्याचं कारण. तीन, अवसर. ही मला फार आवडते. ऐकणाऱ्याच्या मनात एक शंका अडून बसलेली असते, ती आहे तोवर पुढचं सांगून उपयोग नाही. ती दूर झाली की आता पुढच्याची वेळ आली. चार, एककार्यत्व : दोन गोष्टींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही, पण दोघींचं कार्य एकच आहे.

या चौथ्या संगतीत ‘शिवाय’ची खरी, हक्काची जागा आहे. दोन स्वतंत्र कारणं, एक परिणाम. शांकरभाष्यात तुम्हाला ‘अपि च’ वारंवार भेटेल. तिथे त्याचा डाव असा असतो, की पहिली युक्ती तुला पटली नसेल तर ती बाजूला ठेव, ही दुसरी तिच्या आधाराशिवायही उभी आहे. म्हणजे ‘शिवाय’ हा एक दावा आहे. आत्ता सांगतो ते आधीच्यापासून स्वतंत्र आहे आणि तरी त्याच निष्कर्षाकडे जातं, असा. दावा खोटा असेल तर शब्दही खोटा.

तो खोटा आहे का, हे कसं ओळखायचं? ‘शिवाय’ने जोडलेल्या परिच्छेदांची अदलाबदल करून बघा. ते खरोखर स्वतंत्र असतील तर काही बिघडणार नाही. आणि इथेच गंमत आहे : बिघडत नसेल तर तुमच्याकडे एक यादी आहे, ती यादी म्हणून चालेल का ते ठरवा. बिघडत असेल, तर दोघांमध्ये काही वेगळं नातं आहे आणि ‘शिवाय’ने ते झाकून टाकलंय.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. विषय आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे, पानिपत. ‘१७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा पराभव का झाला?’ नेहमीचं उत्तर असं असतं. पहिला परिच्छेद : मराठ्यांना उत्तरेत भरवशाचे मित्र उरले नव्हते, सूरजमल जाटही निघून गेला. दुसरा : शिवाय लष्कराबरोबर बुणगे, बायकामुलं आणि यात्रेकरू फार मोठ्या संख्येने होते. तिसरा : तसेच अन्नधान्याची टंचाई होती. चौथा : त्याचबरोबर गनिमी कावा सोडून इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या भरवशावर मैदानात लढाई दिली. चारही विधानं खरी आहेत. परीक्षक बहुधा चांगले गुणही देईल.

आता अदलाबदल करा. टंचाई आधी, मित्र शेवटी. वाचायला काही अडत नाही, कारण लेखकाने सगळे परिच्छेद सारख्याच अंतरावर ठेवलेत. पण घटना तशा अंतरावर नव्हत्या. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. म्हणजे मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. दक्षिणेकडची वाट गेली. अशा वेळी रसद कुठून येणार? आसपासचा मुलूख आपल्या मित्रांचा असेल तर त्यांच्याकडून. मित्र नव्हते. गोविंदपंत बुंदेले अब्दालीच्या मागच्या बाजूला वावरत होते, त्याची रसद तोडायच्या खटपटीत होते, ते डिसेंबरात मारले गेले. म्हणजे पहिला आणि तिसरा परिच्छेद यांच्यात ‘तसेच’ नाही, हेतुता आहे. पहिला परिच्छेद वाचून सुजाण वाचक विचारतो, ‘बरं, मित्र नव्हते, पण त्यामुळे नेमकं अडलं काय?’ लगेच उत्तर द्यायला हवं : धान्य अडलं. टंचाईचा परिच्छेद दुसऱ्या जागी येतो.

तिथे नवा प्रश्न उठतो. अब्दालीच्या छावणीलाही तंगी होतीच, मग मराठ्यांचीच उपासमार इतकी का झाली? आता बुणग्यांचा परिच्छेद. लढणाऱ्या माणसाच्या मागे न लढणारी खाणारी तोंडं होती, आणि त्यांना मागे सोडून जाण्याची जागा उरली नव्हती. बुणगे हे पराभवाचं वेगळं कारण म्हणून मांडलं की वाचक विचारतो, बायकामुलांनी लढाई कशी हरवली? टंचाईच्या मागे ठेवलं की तो प्रश्नच उरत नाही.

चौथ्या परिच्छेदात तर फरक आणखी मोठा आहे. ‘गनिमी कावा सोडला’ हे नेहमी दोषारोप म्हणून येतं, जणू भाऊंना तोफांची हौस होती. पण आधीचे तीन परिच्छेद नीट लावले तर प्रश्न बदलतो. उपाशी छावणी, सरदार येऊन सांगताहेत की भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू, आणि बरोबर हजारो न लढणारी माणसं. यांना घेऊन बाहेर कसं पडायचं? गनिमी काव्याला हलकं, सुटं सैन्य लागतं. ते तर नव्हतंच. मग तोफखाना पुढे, माणसं आत, असा गोल बांधून सरकणं हा मार्ग उरतो. १४ जानेवारीला तो गोल टिकला नाही, काही सरदारांनी जागा सोडून धाव घेतली आणि गारद्यांच्या माऱ्यालाच अडथळा झाला. म्हणजे ‘त्याचबरोबर’च्या जागी जे नातं होतं ते ‘म्हणून’चं होतं, आणि त्या एका बदलाने भाऊंवरचा निवाडाही बदलतो. जोडशब्द हा इथे शैलीचा प्रश्न राहिला नाही, एका माणसाला न्याय देण्याचा झाला.

मग काय, सगळीकडे ‘शिवाय’ खोडून ‘म्हणून’ लिहायचं? नाही हो! तो दुसरा रोग आहे, आणि अधिक घातक. ‘मित्र नव्हते म्हणून पराभव झाला’ हे वाक्य ‘शिवाय’वाल्यापेक्षा वाईट, कारण ते मधले सगळे दुवे गिळून बसलंय. ‘शिवाय’ लिहिणारा फार तर काही सांगत नाही. खोटा ‘म्हणून’ लिहिणारा चुकीचं सांगतो.

माझा सल्ला विचाराल तर, परिच्छेदाच्या तोंडाशी जोडशब्द ठेवण्याऐवजी पहिल्या वाक्याचं उद्देश्य तपासा. मीमांसकांचा एक भेद इथे कामाला येतो, अनुवाद आणि विधान. वाक्यात जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा म्हणायचं, तो अनुवाद. त्याच्याबद्दल नवं सांगायचं, ते विधान. नव्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात उद्देश्याच्या जागी आधीच्या परिच्छेदाचा निकाल येऊ दे, विधेयाच्या जागी नवा मुद्दा. ‘शिवाय लष्कराबरोबर बुणगे होते’ हे खोडा. लिहा : ‘या टंचाईची झळ मराठ्यांना जास्त बसली, ती बुणग्यांमुळे.’ ‘या टंचाईची’ एवढ्या दोन शब्दांनी मागचा परिच्छेद पुढे आणला. मात्र नुसतं ‘यामुळे’ लिहून थांबू नका. ‘यामुळे’ म्हणजे कशामुळे, ते वाचकाला शोधायला लागतं, आणि पुष्कळदा लेखकालाही माहीत नसतं. ‘या’च्या पुढे नाम ठेवा. योग्य नाम सुचत नसेल, तर मागच्या परिच्छेदातून काय निष्पन्न झालं ते अजून ठरलेलं नाही असं समजा. तेव्हा जोड दुरुस्त करू नका, मागचा परिच्छेद दुरुस्त करा.

परवा एका श्रोत्याने निरोप पाठवून विचारलं होतं, की मग पानिपताच्या निबंधात एकही ‘शिवाय’ उरणार नाही का? मला वाटतं एक उरतो. दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज लढाईत उतरवली, आणि उंटांवरच्या हलक्या तोफांनी मारा केला. मराठ्यांकडे तेव्हा अशी ताजी फौज उरली नव्हती. पोटभर जेवलेलं, सुटं, मित्रांनी वेढलेलं मराठी सैन्य असतं तरी अब्दालीचं हे कसब तितकंच खरं राहिलं असतं. ते त्या साखळीतलं नाही, पण त्याच परिणामाला कारण झालं. एककार्यत्व. इथे ‘शिवाय’ लिहा, खुशाल लिहा. फक्त लिहिण्याआधी एवढं विचारा, की मराठ्यांकडे राखीव फौज का उरली नव्हती. बुणग्यांना सांभाळत सरकणारा गोल धरून ठेवायलाच सगळी माणसं लागली, असं जर कागदपत्रांतून दिसलं, तर हा परिच्छेद अर्धा अब्दालीचा आणि अर्धा चौथ्या परिच्छेदाचा होईल, आणि मग तो दोन ठिकाणी तोडून लिहावा लागेल.